वरण-भात यकृतात जातो का?

परवा रात्री नऊच्या सुमारास ऐरोलीहून भाचीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. विज्ञानाच्या पुस्तकातली पचनसंस्थेची आकृती. पुस्तक मध्ये नीट उघडलेलं नव्हतं, त्यामुळे उजवीकडची नावं दुमडीत गेलेली, आणि वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा झोत नेमका आकृतीच्या पोटावर पडलेला. खाली तिचा प्रश्न होता: "मावशी, अन्न जठरातून आधी यकृतात जातं की स्वादुपिंडात?"

मी ठाण्याला एका शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. मुलांचं त्यात काही चुकत नाही. जठर, यकृत, स्वादुपिंड हे अवयव आकृतीत एकमेकांना चिकटून काढलेले असतात, एकाच रंगाच्या जवळपासच्या छटा असतात, आणि धड्यात त्यांची नावं एका ओळीत येतात. मग अन्नही त्याच ओळीने जात असणार, असं वाटतं. भाचीच्या फोटोत तर झोताखाली जी जागा दिसेनाशी झाली होती, तिथेच तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

मी तिला फोन केला. "जेवलीस का?" "हो, वरण-भात, वर तूप आणि लिंबू." म्हटलं, चल, तुझाच घास घेऊन निघू.

निघण्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्यावी लागते. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. पानावर यकृत डावीकडे दिसतं, पण ते त्या माणसाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असतं. पानावर खाली डाव्या कोपऱ्यात जे शेपटीसारखं अपेंडिक्स दिसतं, तेही आपल्या उजव्या कुशीत खाली असतं. अपेंडिक्सला सूज आली की दुखणं बहुतेकदा बेंबीजवळ सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. पान बघून डावीकडे हात ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. पुस्तक पोटाशी धरून, चित्राची बाजू बाहेर ठेवली, की डावं-उजवं आपोआप जागेवर येतं.

आता घास. तोंडात दात त्याचा चेंदा करतात आणि लाळ त्याला ओलावते. लाळ दिवसाकाठी साधारण एक ते दीड लिटर तयार होते. तिच्यात अमायलेज नावाचं विकर असतं, ते भातातल्या पिष्टाचे तुकडे करायला लागतं. साधा भात काही न घालता मिनिटभर चावत राहिलं तर तो गोडसर लागतो. ती गोडी म्हणजे पिष्टाची होऊ लागलेली साखर. वरणातल्या प्रथिनांना आणि तुपाला मात्र तोंडात जवळजवळ काहीच होत नाही. एकाच घासातल्या तीन पदार्थांची तीन वेगळी वेळापत्रकं आहेत, आणि पुढचा सगळा प्रवास त्यावरच चालतो.

गिळताना घशात श्वासनलिकेवर एक झाकण पडतं आणि घास मागच्या नळीत, म्हणजे अन्ननलिकेत जातो. ही नळी वीतभर, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास लांब. तिच्यातून घास नुसता खाली पडत नाही. नळीचे स्नायू वरून खाली लाटेसारखे आवळत जातात आणि त्याला ढकलतात. म्हणून आडवं पडून गिळलं तरी घास पोटातच जातो. दहा सेकंदांच्या आत हा टप्पा संपतो.

जठर ही स्नायूंची पिशवी. पोटभर जेवलं की ती एक ते दीड लिटरपर्यंत ताणते. तिच्या आतल्या भिंतीतून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर स्रवतं. वरणातल्या प्रथिनांवर पहिला घाव इथे पडतो. लाळेतलं अमायलेज घासाच्या आतल्या भागात थोडा वेळ काम करत राहतं, पण आम्ल आतपर्यंत मुरलं की ते बंद पडतं. भाताचं काम अर्धवट राहतं. तूप वितळून थेंबांच्या रूपात वर तरंगत असतं.

जठराच्या आत काय चालतं हे माणसाने पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका अपघातामुळे. 1822 मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारं भोक कायमचं उघडं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. जठर अन्न नुसतं घुसळत नाही, त्याच्या रसातच अन्न विरघळवण्याची ताकद आहे, हे त्याने दाखवलं. तो रस भांड्यात काढून, अंगाच्या उष्णतेइतका कोमट ठेवला, तरी त्यात मांस विरघळत होतं. मला ही हकीकत सांगताना दर वेळी सेंट मार्टिनबद्दल वाईट वाटतं. अनेक वर्षं त्याने हे सगळं सोसलं.

इथे एका शब्दाचा गोंधळ सोडवायला हवा, कारण तो आपल्या मराठीतलाच आहे. आपण म्हणतो, "काल जागरण झालं, पित्त झालंय." छातीत जळजळ, आंबट ढेकर. हा आंबटपणा जठरातल्या आम्लाचा. जठराचं वरचं तोंड सैल पडलं की ते आम्ल अन्ननलिकेत चढतं. जठराच्या भिंतीवर श्लेष्म्याचा जाड लेप असतो, म्हणून तिला आम्ल बाधत नाही. अन्ननलिकेला तसा लेप नाही, म्हणून तिथे जळतं. आकृतीत "पित्ताशय" असं लिहिलेलं असतं, तिथलं पित्त हे नाही. ते यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं आणि चवीला कडू. रिकाम्या पोटी पुन्हापुन्हा उलट्या झाल्या की शेवटी जे कडू, पिवळं-हिरवं पाणी पडतं, ते हे खरं पित्त. ते आतड्यातून उलटं जठरात आलेलं असतं. आंबट आणि कडू या दोन चवींवरून दोन्ही ओळखता येतात. आयुर्वेदात पित्त हा दोष मानतात, ती आणखी तिसरीच कल्पना आहे. मुलं आकृतीत पित्ताशयावर बोट ठेवून "इथे अॅसिडिटी होते" म्हणतात, त्याचं मूळ या एका शब्दात आहे.

वरण-भात जठरात दोन ते चार तास राहतो. तूप जास्त असेल तर आणखी रेंगाळतो. जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायूंची घट्ट कडी असते, ती पातळ झालेला लगदा थोडा थोडाच पुढे सोडते, एका वेळी चमचाभरसुद्धा नाही. आणि तो जिथे सांडतो तीच भाचीच्या फोटोतली झोताखालची जागा.

मी तिला म्हटलं, "लाइट बंद कर, पुस्तक पूर्ण उघड, खिडकीशी जाऊन उद्या सकाळी पुन्हा फोटो काढ." दुसऱ्या दिवशी शाळेला निघण्याआधी तिने तो पाठवला. आता जठरानंतर इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं आतडं स्पष्ट दिसत होतं. त्याला आद्यांत्र म्हणतात, लहान आतड्याचा पहिला तुकडा. लांबी बारा बोटांच्या रुंदीएवढी, आणि त्याचं लॅटिन नावही बारा या आकड्यावरूनच पडलंय. त्या वळणाच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं बसतं. स्वादुपिंड खरं तर जठराच्या मागे आडवं असतं. आकृती सपाट असल्यामुळे ते जठराच्या खाली लोंबल्यासारखं दिसतं. आणि वरून, यकृताकडून, एक बारीक हिरवी नळी खाली येऊन त्याच वळणात शिरताना दिसत होती. वाटेत पित्ताशयाची छोटी नळी तिला मिळते, शेवटी स्वादुपिंडाची नळीही मिळते, आणि बहुतेकांत दोघींचं मिळून एकच तोंड आद्यांत्रात उघडतं.

"म्हणजे नळी यकृताकडून येते?" तिने विचारलं. "जात नाही?"

नेमकं तेच. या नळ्यांमधून रस खाली उतरतो, अन्न वर चढत नाही. ती रोज ठाणे-वाशी लोकल बघते, म्हणून तिला म्हटलं, लोकल रबाळ्याला थांबते, तिथे बाहेरच्या रिक्षातून आलेली माणसं आत चढतात, पण गाडी काही रिक्षा स्टँडवर जात नाही. अन्नाची नळी तोंडापासून शेवटपर्यंत एकच आहे. यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड तिच्या बाहेर आहेत.

आद्यांत्रात घडतं ते सगळ्यात सुंदर, म्हणून इथे जरा थांबते. जठरातून आलेला लगदा आंबट असतो. तो भिंतीला लागला की भिंतीतल्या पेशींना आम्ल जाणवतं, आणि त्यांच्या निरोपावरून स्वादुपिंड सोड्यासारखा रस पाठवतं. त्यातल्या बायकार्बोनेटने आम्ल मारलं जातं, कारण पुढची विकरं आम्लात काम करू शकत नाहीत. भाताच्या उरलेल्या पिष्टासाठी, वरणाच्या प्रथिनांसाठी आणि तुपासाठी अशी तिन्ही विकरं स्वादुपिंडाच्या रसात असतात. तुपाचा अंश भिंतीला लागला की आणखी एक निरोप जातो. त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन, अर्थ साधारण "पित्ताशयाला हलवणारा". हे संप्रेरक रक्तातून पित्ताशयापर्यंत पोचतं, ती छोटी पिशवी आवळते आणि आतलं दाट पित्त आद्यांत्रात सोडते. पित्ताशयात मावतं जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर. यकृत मात्र दिवसभर थेंब थेंब पित्त बनवत असतं, रोज अर्ध्या ते एक लिटरपर्यंत.

पित्त तुपाचं काय करतं? तुपकट ताटात नुसतं पाणी ओतलं तर तूप त्यावर तरंगतं. साबण लावला की ते बारीक कणांत फुटून पाण्यात मिसळतं. पित्तातले क्षार तेच करतात. तुपाचा मोठा थेंब फुटून लाखो सूक्ष्म थेंब झाले की स्वादुपिंडाच्या लायपेज या विकराला काम करायला जागा मिळते. पित्त स्वतः तुपाचं पचन करत नाही, ते तुपाला पचण्याजोगं करून देतं. परीक्षेत या वाक्यावर निम्मा वर्ग चुकतो.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगत होते, आणि शेजारी आई बसली होती. भाचीची आजी. ती म्हणाली, "तिला माझं सांग ना." म्हणून आईचं सांगते, तिच्या परवानगीने.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या जेवणानंतर आईच्या उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली. कळ पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जात होती. दोन-तीन तासांनी थांबली. आम्हाला वाटलं, तळलेलं खाल्लं, पित्त झालं. तिने नेहमीची गोळी घेतली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. आता आकृती डोळ्यांसमोर आणली की कळ जेवणानंतरच का येते ते कळतं. तूप-तेल आद्यांत्रात पोचतं, निरोप जातो, पित्ताशय आवळतं, आणि तोंडाशी खडा अडकलेला असतो. पिशवी बंद दारावर जोर लावत राहते.

ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधीच एक खडा घरंगळून मोठ्या नळीत गेला. दोन दिवसांत आईचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद चहासारखी झाली आणि शौचाचा रंग मातकट, पांढुरका पडला. त्या शेवटच्या खुणेकडे डॉक्टरांनी सगळ्यात आधी लक्ष दिलं. शौचाचा तपकिरी रंग पित्तातल्या रंगद्रव्यातून येतो. नळी बंद झाली की ते द्रव्य आतड्यात पोचतच नाही, म्हणून शौच फिकं पडतं. अडलेलं द्रव्य रक्तात चढतं, म्हणून डोळे पिवळे होतात, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात, म्हणून लघवी गडद होते. तिन्ही खुणा एका नळीच्या एका अडथळ्याच्या. अशा वेळी थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा, कारण अडलेल्या पित्तात जंतू वाढले की जिवावर बेतू शकतं. आईला ताप आला नव्हता.

डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली. ती घशातून, अन्ननलिकेतून, जठरातून, खालच्या कडीतून आद्यांत्रात गेली, म्हणजे घासाच्याच वाटेने. आणि तिथे, फोटोतल्या त्याच झोताच्या जागी, थांबली. तिच्यातून बारीक तार त्या एका तोंडात सरकवली, तोंड थोडं मोठं केलं आणि खडा ओढून काढला. नंतर पोटाला छोटी छिद्रं पाडून पित्ताशयच काढून टाकलं.

"मग आजी तूप कसं खाते?" भाचीचा पुढचा प्रश्न. खाते. पित्त बनवणारं यकृत जागेवर आहे. फक्त साठवायची पिशवी नाही, त्यामुळे पित्त साठून एकदम न येता सतत थोडं थोडं आतड्यात ओघळत राहतं. सुरुवातीचे काही आठवडे तिला तेलकट खाल्लं की पातळ व्हायचं. हळूहळू ते बसलं. आता भातावर चमचाभर तूप घेते, ताटभर भजी मात्र टाळते.

पुढे लहान आतडं. आकृतीत ते गुंतवळ्यासारखं काढतात, सरळ केलं तर सहा मीटरच्या आसपास भरतं. आतली भिंत गुळगुळीत नसते. टॉवेलवर जसे धाग्यांचे फासे उभे असतात तसे तिच्यावर सूक्ष्म उंचवटे असतात, आणि त्यांच्यावर आणखी बारीक. सगळे पसरून मोजले तर क्षेत्रफळ तीस चौरस मीटरच्या घरात जातं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या जवळपास. घणसोलीत एवढ्यात वन-आरके बसतं. ते सगळं पोटात घडी घालून ठेवलेलं.

या भिंतीतून भाताचं ग्लुकोज आणि वरणाची अमिनो आम्लं रक्तात शिरतात. आणि इथेच भाचीचा पहिला प्रश्न वेगळ्या दाराने परत येतो. आतड्यातून निघालेलं हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेत गोळा होऊन आधी यकृतात जातं. तिला यकृत-निवाहिका म्हणतात. यकृत आलेल्या साखरेतला काही भाग साठवून ठेवतं आणि जेवणांच्या मधल्या वेळात रक्तात सोडत राहतं, अमिनो आम्लांतून रक्तातली प्रथिनं बनवतं, आणि औषधं, दारू यांच्याशीही पहिली गाठ त्याचीच पडते. पचनसंस्थेच्या बहुतेक आकृत्यांमध्ये ही शीर काढलेली नसते, कारण ती रक्ताभिसरणाच्या धड्यात मोडते. त्यामुळे यकृताचं अर्धं काम चित्रातून गायब होतं.

म्हणून तिला म्हटलं, वरण-भात यकृतात जातो, पण वरण-भात म्हणून नाही आणि त्या हिरव्या नळीतूनही नाही. तो साखर आणि अमिनो आम्लं होऊन, रक्तातून, आतड्याकडून जातो. तूप मात्र बहुतेक दुसऱ्याच वाटेने निघतं. त्याचे कण रक्तवाहिन्यांत शिरायला मोठे असतात, म्हणून ते लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी रक्तात मिसळतात. एकाच घासातला भात आधी यकृताला भेटतो आणि तूप आधी हृदयाकडे जातं, हे मला अजूनही नवल वाटतं.

मोठ्या आतड्याबद्दल थोडंच. ते दीड मीटर लांब, उजव्या कुशीत खालून सुरू होतं, वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून उतरतं. जेवणातलं आणि रसांचं मिळून रोज नऊ लिटरच्या आसपास पाणी लहान आतड्यात येतं, त्यातलं बहुतेक तिथेच शोषलं जातं. उरलेलं लिटर-दीड लिटर मोठं आतडं आटवतं. तिथले जंतू डाळीच्या सालीसारखा न पचलेला चोथा खातात, वायू त्यातूनच होतो. आटवायला वेळ मिळाला नाही तर जुलाब, फार वेळ मिळाला तर बद्धकोष्ठ. मंगळवारी रात्रीचा वरण-भात साधारण गुरुवारपर्यंत बाहेर पडतो, कोणाचा दिवसभर आधी, कोणाचा नंतर.

रविवारी भाची ठाण्याला आली तेव्हा वही घेऊन आली. आकृती तिने स्वतः काढली होती, अन्नाची वाट पिवळ्या खडूने आणि रसांच्या नळ्या हिरव्या पेनने, त्यांच्यावरचे बाण आतड्याच्या दिशेने. लहान आतड्यापासून यकृताकडे एक लाल रेघ होती, ती पुस्तकात नाही. मागच्या पानावर तिने आजीसाठी वेगळी आकृती काढली होती. तीत पित्ताशय नव्हतं, यकृताकडून येणारी नळी मात्र आद्यांत्रापर्यंत पोचलेली होती.